शून्य घालायचे की नाही?

अकरावीच्या गणितात ‘सीमा’ हे प्रकरण सुरू झाले की पहिल्या काही तासांतच एक गोष्ट घडते. फळ्यावर एक अपूर्णांक असतो. त्यात h च्या जागी शून्य घातले तर वरही शून्य येते आणि खालीही शून्य येते. शिक्षक सांगतात, “असे करायचे नाही. h शून्य नाही, म्हणून आधी वरचा आणि खालचा h काटून टाका.” मुले h काटतात. लगेच पुढच्या ओळीत शिक्षक म्हणतात, “आता h शून्य ठेवा.” उत्तर येते आणि पुस्तकाच्या शेवटी दिलेल्या उत्तराशी ते जुळतेही. बहुतेक मुले समाधानाने पुढच्या उदाहरणाकडे वळतात. एखाद्याच्या मनात मात्र खटकत राहते: या ओळीत h शून्य नव्हता, खालच्या ओळीत शून्य झाला. मग तो नक्की आहे तरी काय?

हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. उत्तर बरोबर आले आहे, मार्क मिळणार आहेत, मग उगाच वर्गात हसे कशाला करून घ्या! पण ज्याला हा प्रश्न पडला, तो खरे तर धड्याच्या गाभ्यापाशी पोचलेला असतो. अगदी हीच शंका १७३४ साली एका धर्मगुरूने छापील पुस्तकातून जाहीरपणे घेतली होती. तिला नीट उत्तर द्यायला युरोपातल्या गणितज्ञांना पाऊणशेहून अधिक वर्षे लागली. ते उत्तर म्हणजेच सीमा, मुलांच्या भाषेत ‘लिमिट’. अवघड व्याख्या बाजूला ठेवून, एका दगडाच्या मदतीने ते समजून घेता येते.

क्षणाचा वेग कसा मोजायचा?

४५ मीटर उंचीची एक इमारत आहे असे समजू. तिच्या गच्चीवरून एक दगड नुसता सोडून दिला, फेकला नाही. खाली वाळूचा ढीग आहे आणि आसपास कोणी नाही. दगड किती वेळात किती खाली येतो, याचा नियम शाळेतच शिकवलेला असतो: सेकंदांच्या संख्येचा वर्ग करायचा आणि त्याला ४.९ ने गुणायचे. हिशेब सोपा व्हावा म्हणून येथे ४.९ ऐवजी ५ घेऊ आणि हवेचा अडथळाही सोडून देऊ. म्हणजे १ सेकंदात दगड ५ मीटर खाली येईल, २ सेकंदांत २० मीटर आणि ३ सेकंदांत ४५ मीटर. तिसरा सेकंद संपताच तो वाळूत पडेल.

आता प्रश्न असा: सोडल्यापासून बरोबर २ सेकंद झाले, त्या क्षणी दगडाचा वेग किती होता?

वेग काढण्याची एकच रीत आपल्याला ठाऊक असते. किती अंतर गेले ते पाहायचे, त्याला किती वेळ लागला त्याने भागायचे. मुंबईहून पुण्याला जाणाऱ्या गाडीचा वेग याच रीतीने काढतात. पण तो सरासरी वेग असतो. गाडी घाटात हळू चालली, सपाटीवर जोरात धावली, हे त्यात दिसत नाही. दगडाचा वेग तर दर क्षणाला वाढतो आहे. त्याचा ‘बरोबर दुसऱ्या सेकंदाला’ असलेला वेग हवा असेल, तर अंतर किती घ्यायचे आणि वेळ किती घ्यायचा? एका क्षणात वेळ जातच नाही, त्यामुळे दगडही हलत नाही. शून्य अंतराला शून्य वेळेने भागायचे, तर त्यातून काहीच हाती लागत नाही.

काहीच हाती लागत नाही, म्हणजे नेमके काय? येथे पुष्कळ मुले चुकतात. कोणी म्हणते शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य, कोणी म्हणते वरखाली सारखेच आहे म्हणून १. भागाकार पडताळून पाहायचा असेल तर गुणाकार करतात. सहाला दोनने भागून तीन आले, कारण तीन दुणे सहा. मग शून्याला शून्याने भागून किती यावे? ज्याला शून्याने गुणले असता शून्य येते, ते. पण असे तर १ सुद्धा चालेल, ७ चालेल आणि २० देखील चालेल. कोणतीही संख्या चालते, म्हणूनच त्या भागाकारातून एकही संख्या ठरत नाही. त्यात उत्तर दडलेले नसते आणि उत्तर शून्य आहे असेही तो सांगत नाही. तो सांगतो एवढेच की, या वाटेने चौकशी करू नका.

जवळ जवळ जाताना

तर दुसऱ्या वाटेने जाऊ. क्षण धरता येत नाही, पण त्याला लागून असलेला छोटासा काळ धरता येतो.

दुसऱ्या सेकंदापासून तिसऱ्या सेकंदापर्यंत दगड २० मीटरवरून ४५ मीटरवर आला. एका सेकंदात २५ मीटर, म्हणून सरासरी वेग सेकंदाला २५ मीटर. पण या एका सेकंदात दगडाने बराच वेग घेतला आहे, तेव्हा २५ हा आकडा जास्तच असणार.

काळ लहान करू. २ सेकंदांपासून २.१ सेकंदांपर्यंत पाहा. २.१ चा वर्ग ४.४१, त्याची पाचपट २२.०५. म्हणजे ०.१ सेकंदात दगड २.०५ मीटर आला आणि सरासरी वेग पडला २०.५. काळ आणखी लहान केला, २ पासून २.०१ पर्यंत, तर अंतर येते ०.२००५ मीटर आणि वेग २०.०५. २ पासून २.००१ पर्यंत घेतले तर वेग येतो २०.००५.

हे झाले दुसऱ्या सेकंदाच्या नंतरचे. आधीच्या बाजूनेही येऊन पाहायला हवे. १.९ पासून २ सेकंदांपर्यंत दगड १८.०५ मीटरवरून २० मीटरवर आला, म्हणजे सरासरी वेग १९.५. १.९९ पासून २ पर्यंत १९.९५. १.९९९ पासून २ पर्यंत १९.९९५.

एका बाजूने २०.५, २०.०५, २०.००५ असे आकडे खाली उतरत आहेत. दुसऱ्या बाजूने १९.५, १९.९५, १९.९९५ असे वर चढत आहेत. दोन्हींच्या मध्ये २० उभा आहे. यांपैकी एकही आकडा २० नाही, तरी सगळ्यांचे तोंड २० कडेच आहे, हे कोणालाही दिसते.

पण गणितात नुसते दिसून भागत नाही. कदाचित ते २० कडे न जाता २०.०००००३ कडे जात असतील. चार ओळींच्या तक्त्यावरून एवढा बारीक फरक कसा कळणार? म्हणून वेगवेगळे काळ घेण्याऐवजी काळालाच एक अक्षर देतात. दुसऱ्या सेकंदानंतरचा छोटा काळ h सेकंद आहे असे धरू. तेवढ्या वेळात दगड कुठे पोचला?

५(२ + h)² = २० + २०h + ५h²

यातून आधीचे २० मीटर वजा केले की h सेकंदांतले अंतर मिळते:

२०h + ५h²

त्याला h ने भागले की सरासरी वेग मिळतो:

२० + ५h

तक्त्यातले सगळे आकडे या एका ओळीत आहेत. h ला ०.१ धरा, २०.५ येते. h ला उणे ०.१ धरा, म्हणजे दुसऱ्या सेकंदाच्या आधीचा काळ घ्या, १९.५ येते. फक्त एक अट आहे. आपण h ने भागले आहे, तेव्हा h शून्य असून चालणार नाही.

आणि येथेच फळ्यावरची ती ओळ येते: “आता h शून्य ठेवा. उत्तर २०.”

बिशपची शंका

कलनशास्त्र, म्हणजे कॅल्क्युलस, सतराव्या शतकात न्यूटन आणि लायब्निझ यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे उभे केले. त्यांच्या रीतींनी ग्रहांचे मार्ग, वक्र आकृत्यांची क्षेत्रफळे असे अनेक प्रश्न सुटले. उत्तरे बरोबर येत होती. परंतु ती का बरोबर येतात, हे दोघांनाही स्वच्छ सांगता आले नव्हते. दोघांच्याही हिशेबात अशी एक अतिशय छोटी राशी येई, जी भागाकाराच्या वेळी शून्य नसे आणि शेवटी मात्र शून्यासारखी टाकून दिली जाई.

न्यूटनच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी, १७३४ साली, जॉर्ज बर्कली यांनी ‘द अ‍ॅनॅलिस्ट’ नावाचे पुस्तक लिहिले. बर्कली तत्त्वज्ञ होते आणि त्याच वर्षी आयर्लंडमधल्या क्लॉइन येथे बिशप झाले होते. त्यांचा मुद्दा अगदी सरळ होता. वाढ शून्य नाही असे धरून तुम्ही भागाकार केलात. मग वाढ शून्य आहे असे म्हणालात. पण वाढ शून्य असेल, तर तो भागाकार करण्याचा अधिकारच तुम्हाला नव्हता! एक गोष्ट गृहीत धरून निष्कर्ष काढायचा, मग ती गोष्ट खोडायची आणि निष्कर्ष मात्र ठेवून घ्यायचा, हा कुठला न्याय? धर्माच्या बाबतीत पुरावा मागणाऱ्यांनी आपल्या गणिताचा पाया आधी तपासावा, असा त्यांचा टोला होता.

टोला बसला. उत्तर बरोबर येते म्हणून रीत खरी, हे म्हणणे बर्कलींना मान्य नव्हते आणि ते चुकीचे नव्हते. समाधानकारक उत्तराची मांडणी फ्रेंच गणितज्ञ कोशी यांनी १८२१ साली पॅरिसच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या पाठ्यपुस्तकात केली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतल्या वायरश्ट्रास यांनी तिला आज शिकवतात तसे काटेकोर रूप दिले. त्या उत्तराचे सार असे की, h शून्य कधी ठेवायचाच नाही. प्रश्नच बदलायचा. ‘h शून्य झाल्यावर काय येते?’ असे न विचारता ‘h शून्याच्या जवळ असताना आकडे कोणत्या संख्येला सोडून दूर जाऊ शकत नाहीत?’ असे विचारायचे.

शंका घ्या, उत्तर देते

हे बोलणे ऐकायला मोघम वाटते. त्यातला पक्केपणा एका खेळातून कळतो. समजा, अकरावीतला धाकटा भाऊ शंका घेतो आहे आणि इंजिनिअरिंगला असलेली मोठी बहीण उत्तर देते आहे. बहिणीचा दावा आहे की सीमा २० आहे.

भाऊ म्हणतो, “ताई, तुझे आकडे २० च्या जवळ आहेत म्हणतेस. मला ०.१ पेक्षा जास्त फरक चालणार नाही.”

बहीण ओळ पाहते: २० + ५h. वीसपासूनचा फरक फक्त ५h आहे. ती म्हणते, “मग h ला ०.०२ पेक्षा लहान ठेव, पुढेही आणि मागेही. फरक ०.१ च्या आतच राहील.”

“बरे, ०.०१ पेक्षा जास्त फरक नको.”

“h ला ०.००२ पेक्षा लहान ठेव.”

“एका लाखांश भागापेक्षा जास्त नको!”

“तू सांगशील त्या आकड्याला मी पाचाने भागणार. h त्यापेक्षा लहान ठेवलास की झाले. आता कितीही बारीक आकडा काढ, माझे उत्तर तयार आहे.”

खेळ येथे संपतो. भावाचे आकडे संपले म्हणून नव्हे. आकडे त्याच्याकडे कितीही आहेत. पण त्या सगळ्यांना पुरून उरणारे उत्तर बहिणीने एकदाच देऊन टाकले आहे. आणि या संपूर्ण खेळात h एकदाही शून्य झालेला नाही. प्रत्येक वेळी तो लहान, परंतु खराखुरा आकडा आहे. त्यामुळे भागाकार कायदेशीर आहे आणि बर्कलींच्या शंकेला बोट ठेवायला जागा उरत नाही.

भाऊ मात्र चतुर आहे. तो म्हणतो, “मग सीमा २०.००१ का नाही? तीही जवळच आहे की!”

बहीण आता बाजू बदलते आणि स्वतः शंका घेते. “ठीक आहे, सीमा २०.००१ आहे असा दावा तू कर. मला ०.०००५ पेक्षा जास्त फरक चालणार नाही. कर सिद्ध.”

भाऊ हिशेब करू लागतो. h ला ०.०००१ पेक्षा लहान ठेवले, तर आकडे २०.०००५ च्या खालीच राहतात. तेथून २०.००१ पर्यंतचे अंतर ०.०००५ पेक्षा जास्त आहे. h आणखी लहान केला तर आकडे २० च्या अधिकच जवळ जातात आणि २०.००१ मागेच राहते. भाऊ हरतो. २०.००१ च्या ऐवजी २०.०००००१ घेतले तरी तो हरेलच, फक्त बहिणीला अधिक बारीक आकडा मागावा लागेल. या खेळात टिकणारी संख्या एकच: २०.

म्हणून सीमा म्हणजे ‘अंदाजे उत्तर’ नव्हे. २०.००५ हे अंदाजे आहे, २०.०००००५ हेही अंदाजे आहे. परंतु हे सगळे अंदाज ज्या एकाच संख्येभोवती दाटतात, ती संख्या नेमकी आहे. बरोबर दुसऱ्या सेकंदाला दगडाचा वेग सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर होता. ‘वीसच्या आसपास’ नव्हे, वीसच. ‘एका क्षणाचा वेग’ या शब्दांना अर्थ मिळाला तोच मुळी असा: लहान लहान काळांतल्या सरासरी वेगांची सीमा.

मग फळ्यावरच्या शून्याचे काय?

आता शिक्षकांनी ‘h शून्य ठेवा’ म्हटले, ते चूक होते का? चूक नव्हते, पण ती पळवाट कशी चालते हे सांगायचे राहून गेले.

भागाकार करण्याआधीचा अपूर्णांक आणि नंतरची २० + ५h ही ओळ, या दोहोंत फरक एकाच जागी आहे. h शून्य असताना अपूर्णांकाला किंमतच नाही, ओळीला मात्र २० ही किंमत आहे. बाकी सर्वत्र दोन्ही अगदी सारखे आहेत. सीमा काढताना h शून्य असतानाची किंमत आपण विचारतच नाही, फक्त आजूबाजूच्या किमती पाहतो. म्हणून दोघांची सीमा एकच असणार. आणि २० + ५h चा आलेख कागदावर काढला तर तो एक सरळ रेषा आहे, कुठे तुटलेली नाही की कुठे उडी मारत नाही. अशा अखंड रेषेवर आजूबाजूच्या किमती ज्या संख्येकडे जातात, तीच संख्या रेषेवर त्या जागी बसलेली असते. त्यामुळे ओळीत h च्या जागी शून्य घालून ती वाचता येते. वाचली ती सीमा. h शून्य होता असा त्याचा अर्थ नाही.

म्हणजे शून्य घालायचे की नाही, याचे उत्तर असे: अपूर्णांकात नाही, सोपे रूप आल्यावर आणि ते त्या जागी अखंड आहे याची खात्री झाल्यावर घालावे. तीही केवळ वाचण्याची सोय म्हणून.

दोन ठिकाणी सावध

हा विषय नव्याने शिकणाऱ्याची दोन ठिकाणी फसगत होते. पहिले ठिकाण म्हणजे तक्ता. कॅल्क्युलेटर हाती असला की दोन-तीन आकडे काढून सीमा ठरवण्याचा मोह होतो. एक साधे उदाहरण घ्या: h² + ०.०००१. h ला ०.१ धरले तर ०.०१०१ येते. h ला ०.०१ धरले तर ०.०००२. आकडे भराभर शून्याकडे चालले आहेत असे वाटते आणि विद्यार्थी उत्तर लिहून मोकळा होतो: सीमा शून्य. पण h ला ०.००१ धरले तर ०.०००१०१ येते आणि तेथून पुढे h कितीही लहान केला तरी आकडा ०.०००१ च्या खाली उतरत नाही. खरी सीमा ०.०००१ आहे. बहीणभावाच्या खेळात ही चूक लगेच पकडली असती: ‘मला ०.००००५ पेक्षा जास्त फरक चालणार नाही’ असे म्हणताच शून्याचा दावा कोसळला असता. तक्ता उत्तराचा अंदाज देतो. खात्री मात्र बीजगणित आणि तो खेळ देतो.

दुसरे ठिकाण आपल्या दगडाच्या वाटेवरच आहे. तो तिसऱ्या सेकंदाला वाळूत पडतो आणि तेथेच रुतून बसतो. बरोबर ३ सेकंद झाले त्या क्षणी त्याचा वेग किती? आधीच्या बाजूने पाहा. २.९ पासून ३ सेकंदांपर्यंत सरासरी वेग २९.५ येतो, २.९९ पासून ३ पर्यंत २९.९५. आकडे ३० कडे, म्हणजे ताशी १०८ किलोमीटरकडे चालले आहेत. नंतरच्या बाजूने पाहिले तर ३ पासून ३.१ पर्यंत दगड हललाच नाही, वेग शून्य. ३ पासून ३.०१ पर्यंतही शून्य. एका बाजूचे आकडे ३० ला धरून आहेत, दुसऱ्या बाजूचे शून्याला. दोन्ही बाजूंना सामावून घेणारी एकच संख्या नाही.

अशा वेळी ‘मधला आकडा १५ घेऊ’ असे म्हणता येत नाही. १५ हा आकडा कोणत्याच बाजूच्या जवळपास नाही. प्रामाणिक उत्तर असे की, येथे सीमा नाही आणि म्हणून त्या क्षणाला एक असा वेगही नाही. डावीकडची सीमा ३०, उजवीकडची ० असे वेगवेगळे सांगता येते, तेवढेच. खऱ्या दगडाला थांबायला वाळूत अगदी थोडा का होईना, वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात त्याचा वेग ३० वरून शून्यावर येतो. आपण तो वेळ सोडून दिला म्हणून हिशेबात उडी आली. पण जेथे उडी आहे तेथे सीमा काढायला गेले तर काय दिसते, हे त्यातून कळते. दुसऱ्या सेकंदाच्या वेळी दोन्ही बाजूंनी येऊन पाहिले, ते याच कारणासाठी.

प्रश्न जुना आहे

क्षणाच्या वेगाचा प्रश्न न्यूटनपासून सुरू झाला असे मात्र नाही. भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त ग्रहांच्या ‘तात्कालिकी गती’चा विचार आहे. चंद्राची गती दिवसभरातही बदलत राहते. त्यामुळे कालपासून आजपर्यंत तो किती सरकला, एवढ्यावरून तिथी नेमकी केव्हा संपेल हे बिनचूक सांगता येत नाही. त्या वेळची गती घ्यावी लागते. भास्कराचार्यांना हा फरक स्पष्ट दिसला होता आणि अशी गती काढण्याचा नियमही त्यांनी दिला. सीमेची आजची व्याख्या त्यांच्या ग्रंथात नाही; पण ज्या अडचणीतून ती पुढे जन्माला आली, तीच ही अडचण.

ज्यांना हात चालवून पाहायचे असतील त्यांनी दोन उदाहरणे करावीत. पहिले, त्याच दगडाचा पहिल्या सेकंदाच्या क्षणी वेग काढावा. १ पासून १.१ पर्यंत आणि ०.९ पासून १ पर्यंत असा दोन्ही बाजूंनी तक्ता करावा, मग h घेऊन ओळ मांडावी. सरासरी वेग १० + ५h असा यायला हवा आणि सीमा १०. दुसरे, x ही संख्या ३ च्या जवळ असताना (x² − ९) ला (x − ३) ने भागले तर आकडे कोणत्या संख्येकडे जातात ते पाहावे. येथे x बरोबर ३ घेता येत नाही. पण वरच्या पदाचे (x − ३)(x + ३) असे अवयव पडतात आणि उरते x + ३. सीमा ६ येते.

उत्तर आल्यावर तेथेच थांबू नये. घरातल्या कोणाला तरी शंका घ्यायला बसवावे आणि म्हणावे, “सहापासून किती फरक चालेल ते सांग.” दुसऱ्या उदाहरणात फरक नेमका x आणि ३ यांच्यातल्या अंतराएवढाच असतो. तेव्हा समोरचा जो आकडा सांगेल, x ला ३ च्या तेवढ्याच जवळ ठेवायचे, फक्त ३ च्या जागी ठेवायचे नाही. हे कारण ज्याला आपल्या शब्दांत सांगता आले, त्याला पुढच्या वर्षी व्याख्येतली ग्रीक अक्षरे परकी वाटणार नाहीत. त्यांतले एक अक्षर म्हणजे भावाने मागितलेला फरक आणि दुसरे म्हणजे बहिणीने दिलेले उत्तर.